क्षेत्रफळ उणे येतं तेव्हा

स्टेजवरचा गायक हातात धरतो तो माइक समोरचा आवाज नीट पकडतो आणि मागचा जवळजवळ सोडून देतो. कोणत्या दिशेला तो किती ऐकतो, हे कागदावर मांडलं की पत्त्यांतल्या बदामासारखी आकृती उमटते. तिचं नाव कार्डिऑइड आणि समीकरण r = 1 + cos θ. इथे θ म्हणजे आरंभबिंदूपाशी उभं राहून आपण ज्या दिशेला पाहतो तो कोन आणि r म्हणजे त्या दिशेला वक्र किती दूर आहे ते अंतर. समोर, शून्य अंशावर, अंतर 2 भरतं. 90 अंशांवर 1. आणि अगदी मागे, 180 अंशांवर, शून्य. तिथे वक्र आरंभबिंदूतच शिरतो.

आता याच कागदावर r = 3 cos θ हे वर्तुळ काढू. त्याचा व्यास 3, ते आरंभबिंदूतून जातं आणि पूर्ण उजव्या बाजूला बसतं. बदामाच्या आत पण वर्तुळाच्या बाहेर किती जागा उरते?

अशा आकृतीचं क्षेत्रफळ काढताना आरंभबिंदूपासून निघणाऱ्या अगदी बारीक वर्तुळपाकळ्या कल्पायच्या. एका पाकळीचं क्षेत्रफळ ½ r² dθ. सगळ्या पाकळ्यांची बेरीज म्हणजे संकलन. दोन वक्रांमधल्या जागेसाठी बाहेरच्या वक्राच्या r² मधून आतल्याचा r² वजा करायचा. मग प्रश्न एवढाच राहतो की कोणत्या कोनापासून कोणत्या कोनापर्यंत.

बहुतेक विद्यार्थी दोन्ही समीकरणं एकमेकांसमोर ठेवतात. 3 cos θ = 1 + cos θ, म्हणून cos θ = ½, म्हणजे 60 अंश आणि 300 अंश. तिथे दोन्ही वक्र आरंभबिंदूपासून 1.5 अंतरावर भेटतात. हे बरोबरच आहे. पण आकृतीत भेटीची जागा आणखी एक दिसते: आरंभबिंदू. समीकरणातून ती निघत नाही, कारण वर्तुळ तिथे 90 अंशांना पोहोचतं आणि बदाम 180 अंशांना. दोघं एकाच बिंदूतून जातात, पण एकाच कोनाला नाही. म्हणून प्रत्येक वक्रासाठी r = 0 वेगळं सोडवून पाहावं लागतं.

ही तिसरी भेट नजरेतून सुटली की गणित कसं बिघडतं ते पाहण्यासारखं आहे. आकृतीचा वरचा आणि खालचा भाग सारखाच, म्हणून फक्त वरचा अर्धा भाग घेऊन दुप्पट करू. सूत्रातला ½ आणि हा 2 एकमेकांना खातात. π/3 पासून π पर्यंत (1 + cos θ)² – 9 cos² θ याचं संकलन केलं, तर उत्तर येतं –2π. जागा कधी उणे नसते, तेव्हा काहीतरी चुकलंय हे इथे लगेच कळतं. सगळ्याच उदाहरणांत मात्र अशी सूचना मिळत नाही. कधी चुकीचं उत्तर धन आणि अगदी साळसूद दिसतं.

चूक 90 अंशांच्या पुढे आहे. 120 अंशांवर 3 cos θ ची किंमत –1.5 होते. उणे अंतर म्हणजे 120 अंशांकडे तोंड करून दीड पावलं मागे सरकणं, आणि तसं सरकलं की आपण 300 अंशांच्या दिशेला, खाली उजवीकडे पोहोचतो. डावीकडे वर्तुळ नाहीच. पण सूत्रात r चा वर्ग होतो आणि उणे चिन्ह पुसलं जातं, त्यामुळे उजव्या बाजूची जागा डावीकडून वजा झाली. याच कारणामुळे या वर्तुळाचं क्षेत्रफळ 0 ते 2π घेतलं तर 9π/2 येतं, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट; 180 अंशांतच वर्तुळ पुरं होतं आणि पुढच्या 180 अंशांत तेच पुन्हा गिरवलं जातं.

तेव्हा काम दोन तुकड्यांत करायचं. 60 ते 90 अंशांमध्ये बदाम बाहेर आणि वर्तुळ आत, म्हणून वजाबाकी. उत्तर 2 – π/2. 90 ते 180 अंशांमध्ये वर्तुळ नाही, म्हणून एकट्या बदामाचं (1 + cos θ)² घ्यायचं; उत्तर 3π/4 – 2. बेरीज π/4, म्हणजे साधारण 0.785 चौरस एकक. आकृतीत डावीकडे दिसणाऱ्या दोन लहान पाळ्यांना हे शोभतं.

पडताळा दुसऱ्या वाटेनेही घेता येतो. दोन्ही आकृत्यांत सामाईक असलेली जागा काढताना, वरच्या अर्ध्या भागात 0 ते 60 अंशांपर्यंत बदाम आतला असतो आणि 60 ते 90 अंशांपर्यंत वर्तुळ. दोन्ही बाजू मिळून 5π/4 येतात. अख्खा बदाम 3π/2 आहे. त्यातून 5π/4 गेले की उरतात तेच π/4.