काउंटरची कार्यक्षमता माहीत नसताना स्रोत मोजायचा कसा?

कोबाल्ट-६०च्या अणुगर्भाचं विघटन झालं की आधी बीटा कण निघतो आणि जवळजवळ त्याच क्षणी दोन गॅमा किरण. मोजणीची सगळी गंमत या जोडीत आहे.

समजा, बीटा काउंटर सेकंदाला ९००० नोंदी देतो, गॅमा काउंटर ४००, आणि दोन्ही एकदम वाजतात ३६० वेळा. गॅमा दिसलेल्या ४०० विघटनांपैकी ३६०मध्ये बीटाही सापडला, म्हणजे बीटा काउंटर ९० टक्के पकडतो. मग खरी विघटनं ९००० भागिले ०.९, म्हणजे सेकंदाला १०,०००. प्रमाणित स्रोताशी तुलना लागलीच नाही!

मात्र ३६० हा आकडा आयता मिळत नाही. प्रत्येक पल्स एक मायक्रोसेकंद रुंद असेल, तर वेगवेगळ्या अणूंचे पल्सही योगायोगाने जुळतात, इथे सेकंदाला सुमारे ७. यंत्र दाखवतं ३६७. हे उपटसुंभ ओळखायचे कसे? एका बाजूचे पल्स मुद्दाम काही मायक्रोसेकंद उशिरा पाठवायचे. खऱ्या जोड्या तुटतात, उरतात फक्त योगायोगाच्या. स्रोत दसपट तीव्र केला तर खऱ्या जोड्या दसपट होतात, पण खोट्या शंभरपट.