रडणारं बाळ आणि पाच थेंब

सहा आठवड्यांचं बाळ रोज दिवेलागणीला रडायला लागतं. पाय पोटाशी घेतं, मुठी आवळतं, चेहरा लालबुंद होतो आणि नऊ-दहा वाजेपर्यंत ते कशानेच शांत होत नाही. एरवी अंगावर नीट पितं, वजन वाढतंय, ताप नाही. डॉक्टर याला ‘कॉलिक’ म्हणतात. घरात कुणी पोटावर हिंग लावायला सांगतं, कुणी ग्राइप वॉटर, आणि अलीकडे कुणी ना कुणी प्रोबायोटिक थेंबांची बाटली सुचवतंच.

या थेंबांपैकी सर्वाधिक अभ्यास झालेला जिवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, आणि त्याचाही एकच विशिष्ट वाण : DSM 17938. मात्रा रोज पाच थेंब, म्हणजे सुमारे दहा कोटी जिवंत जिवाणू. इटलीतल्या तुरिनमध्ये फ्रान्चेस्को सॅविनो आणि सहकाऱ्यांनी फक्त आईच्या दुधावर असलेल्या, पूर्ण दिवसांच्या 50 बाळांवर त्याची चाचणी घेतली. ती 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या बाळांना जिवाणूंचे थेंब दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे बिनजिवाणूंचे. एकविसाव्या दिवशी पहिल्या गटाचं रोजचं रडणं 370 मिनिटांवरून 35 वर आलं होतं.

हा आकडा वाचून कुणीही बाटली आणायला धावेल. पण दुसऱ्या गटाकडे बघा. ज्यांना जिवाणू मिळालेच नाहीत, त्यांचं रडणंही 300 मिनिटांवरून 90 वर आलं. कॉलिक सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. म्हणून उतार सुरू होताना जे काही दिलं जातं, त्याला गुण आल्याचं श्रेय मिळतं. ग्राइप वॉटरवर पिढ्यानपिढ्या विश्वास बसला, त्यामागेही हे एक मोठं कारण आहे.

थेंबांचा खरा वाटा या दोन गटांतल्या फरकाएवढाच. आणि तोही सगळीकडे दिसला नाही. मेलबर्नमध्ये व्हॅलरी सुंग यांनी 167 बाळांवर हाच वाण वापरला. त्यांत अंगावर पिणारी होती, तशी डब्याच्या दुधावरचीही. 2014 मध्ये निकाल आला : काही फायदा नाही. उलट महिन्याभरानंतर थेंब मिळालेल्या गटातली बाळं जास्तच किरकिरत होती, आणि हा फरक मुख्यतः डब्याच्या दुधावरच्या बाळांत होता.

पुढे सुंग, सॅविनो आणि इतर संशोधकांनी चार चाचण्यांतल्या 345 बाळांच्या नोंदी एकत्र केल्या. 2018 मध्ये आलेलं चित्र मला सर्वांत विश्वासार्ह वाटतं. एकविसाव्या दिवशी थेंब मिळालेली बाळं दिवसाला साधारण 25 मिनिटं कमी रडत होती. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांत फायदा स्पष्ट होता : अशा साधारण तीन बाळांना थेंब दिले, तर एरवी ज्याचं रडणं निम्म्यावर आलं नसतं अशा एकाचं ते येतं. डब्याच्या दुधावरच्या बाळांसाठी निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच नव्हती. रात्रभर बाळ खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या आईला 25 मिनिटंही मोलाची असतात, पण ती 25च आहेत हे तिला आधी सांगायला हवं.

चाचण्यांमधल्या पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांना थेंबांमुळे गंभीर त्रास झाल्याचं आढळलं नाही. हा दिलासा कमी दिवसांच्या बाळाला मात्र लागू होत नाही. त्याच्या आतड्याचं अस्तर कच्चं असतं, प्रतिकारशक्ती अपुरी असते, आणि आतड्यातला निरुपद्रवी जिवाणू रक्तात शिरला तर तोच जंतुसंसर्ग ठरतो. 2023 मध्ये अमेरिकेत हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं एक बाळ असंच दगावलं. त्याच्या रक्तात सापडलेल्या जिवाणूची जनुकं त्याला रुग्णालयात दिलेल्या प्रोबायोटिकमधल्या जिवाणूशी जुळली. त्याआधी 2014 मध्ये तिथल्याच एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा जीव प्रोबायोटिक पावडरीत मिसळलेल्या बुरशीने घेतला होता. दोन्ही उत्पादनं कॉलिकच्या थेंबांपेक्षा वेगळी होती, पण एका घटनेत जिवाणूच घातक ठरला आणि दुसरीत बाहेरून शिरलेली बुरशी, हे ध्यानात ठेवायला हवं. म्हणून कमी दिवसांचं, कमी वजनाचं, प्रतिकारशक्ती कमकुवत असलेलं किंवा शिरेत नळी लावलेलं बाळ असेल, तर हे थेंब घरच्या घरी सुरू करू नयेत.

आता बाटलीबद्दल. लेबलवर जिवाणूच्या नावापुढे DSM 17938 हा क्रमांक नसेल, तर वरचे आकडे त्या बाटलीला लागू नाहीत. जुलाबासाठी आणलेलं प्रोबायोटिक कॉलिकसाठी वापरण्यातही अर्थ नाही. थेंब गरम दुधात घातले तर जिवाणू मरतात. थेंब सुरू करण्याआधी दोन-तीन दिवस बाळ किती वेळ रडतं ते वहीत लिहावं, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. फरक नसेल तर थेंब बंद करावेत. डायसायक्लोमिन असलेले पोटदुखीचे थेंब सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नयेत, त्याने श्वास थांबल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगलेली टाळू, पिणं सोडणं यांपैकी काहीही दिसलं, तर त्याला कॉलिक समजू नये. त्याच रात्री दवाखाना गाठावा.