नाव लक्षात कोणी ठेवावयाचे?

एखाद्या वस्तूला नाव देताना ते शिकण्याचा खर्च कोणावर पडणार, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. साबण किंवा चहा यांच्या बाबतीत तो विचारण्याचे कारणही नसते. उत्पादक जाहिरातींवर पैसा ओततो आणि नाव लोकांच्या तोंडी बसते. मोबाईलवरील आरोग्यविषयक ॲपमध्ये वृद्धांना औषधाची वेळ कळविणारी जी सोय असते, तिची गोष्ट निराळी आहे. तिची स्वतंत्र जाहिरात होत नाही. पंचाहत्तरीच्या आजींना ती सापडते ती मुलाने किंवा नातीने फोनवरून सांगितलेल्या नावावरून. नाव अवघड असेल, तर त्याची किंमत उत्पादक मोजत नाही, आजी मोजतात. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, त्याचा हा एक लहानसा परंतु स्वच्छ नमुना आहे.

अशाच एका ॲपचे काम करणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्याने अलीकडे पाच नावे माझ्यापुढे ठेवली. पहिले इंग्रजी वळणाचे जोडनाव होते, बाकीची ‘औषधस्मरण’, ‘सोबती’, ‘विसरू नका’ आणि ‘औषधाची वेळ’. त्याच्या वरिष्ठांचा कल अर्थातच पहिल्याकडे होता. त्यामागील कारण सौंदर्यदृष्टीचे नसून कायद्याचे होते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार केवळ वस्तूचे वर्णन करणाऱ्या नावाची सामान्यतः नोंदणी होत नाही. दीर्घ वापराने ते नाव एका विक्रेत्याचेच म्हणून ओळखले जाऊ लागले असेल, तरच होते. म्हणजे नाव जितके सुबोध, तितके ते आपले म्हणून राखणे कठीण. उत्पादकाचे हित आणि वृद्धाचे हित येथे उघडपणे परस्परविरुद्ध जाते. तथापि हा विरोध टाळता येण्याजोगा आहे, कारण नोंदणी हवी असते ती ॲपच्या नावाला. घराला नाव दिले म्हणून स्वयंपाकघराचे वेगळे बारसे कोणी करीत नाही.

‘औषधस्मरण’ हे नाव शुद्ध आहे आणि तितकेच अशुभ. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर काळ्या चौकटीत ‘पुण्यस्मरण’ हा शब्द ज्यांनी आयुष्यभर वाचला, त्यांना रोज सकाळी आठ वाजता ‘स्मरण’ दाखविणे हे सौजन्य नव्हे. शिवाय ‘स्म’ हे जोडाक्षर कवळी काढलेल्या तोंडाला जड जाते. ‘विसरू नका’ हे आधीच आरोप करून मोकळे होते. ‘सोबती’ गोड आहे. परंतु तो काय करतो, हे नावावरून कळत नाही. पाच-सहा चित्रांच्या गर्दीत ‘सोबती’ म्हणजे गप्पांची सोय की डॉक्टरांची, असा संभ्रम पडतो.

राहिले ‘औषधाची वेळ’. त्यावरही दोन आक्षेप निघाले, आणि ते पोरकट नव्हते.

पहिला ‘वेळ’ या शब्दाविषयी. ‘त्यांची वेळ आली’ या वाक्याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. परंतु हा अर्थ ‘वेळ’ एकटी उभी असताना येतो. ‘जेवणाची वेळ’, ‘गाडीची वेळ’, तशी ‘औषधाची वेळ’. षष्ठीने बांधली की ती घरगुती होते. म्हणून पडद्यावर जागा पुरत नाही या सबबीवर नाव तोडून केवळ ‘वेळ झाली’ एवढेच दाखविले जाणार नाही, याची काळजी घ्यावयास हवी. लहान पडद्यावर नाव अर्धवट कापले जाणे ही नेहमीची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आणि तो शहरात बसून सुचणे कठीण. ग्रामीण महाराष्ट्रात ‘औषध’ म्हणजे पिकावर फवारावयाचे कीटकनाशकही. ‘अमक्याने औषध घेतले’ किंवा ‘औषध प्याला’ हे वाक्य तेथे आत्महत्येची बातमी म्हणून ऐकले जाते. आता या ॲपमध्ये आणखी एक सोय असते: वडिलांनी गोळी घेऊन बटण दाबले की परगावी असलेल्या मुलाला तसा संदेश जातो. त्या संदेशाचा मसुदा होता, ‘वडिलांनी औषध घेतले.’ पुण्यात हे वाचून मुलगा निश्चिंत होईल. यवतमाळकडून नोकरीसाठी बाहेर पडलेल्या शेतकऱ्याच्या मुलाच्या छातीत ते वाचून क्षणभर धस्स होणे अगदी शक्य आहे. दोष येथे ‘औषध’ या नामाचा नसून त्याला जोडलेल्या क्रियापदाचा आहे. ‘औषधाची वेळ’ यात ती छटा उरत नाही. संदेशापुरता मसुदा बदलून ‘वडिलांची सकाळची गोळी झाली’ असा केला, की प्रश्न मिटतो. ‘गोळी झाली’ हे घराघरातले मराठी आहे.

मग सोयीचेच नाव ‘गोळीची वेळ’ का नको? ऐकण्याच्या दृष्टीने ते सरस ठरते. उतारवयात कान प्रथम उंच पट्टीचे आवाज गमावतात, आणि स, श, ष हे त्यांतलेच. ‘औषध’मधला ष फोनवर हरवतो, ‘गोळी’तील एकही वर्ण सहसा हरवत नाही. परंतु इन्सुलिन ही गोळी नव्हे, डोळ्यांत घालावयाचे थेंबही नव्हेत. काचबिंदूच्या रुग्णाचे थेंब चुकले तर दुखत नाही, म्हणूनच ते चुकतात. नावामुळे ते यादीबाहेर पडले, तर ते महागात पडेल. तेव्हा सोयीचे नाव ‘औषधाची वेळ’ आणि प्रत्यक्ष घंटेबरोबर ‘गोळीची वेळ झाली’, ‘थेंबांची वेळ झाली’, असे ठरले. ‘वेळ’ हा शब्द दोन्हीकडे कायम राहिल्याने सोय एकच आहे, हे कळते.

नाव ठरल्यावर ते पारखण्याची रीत साधी आहे. नाव लिहून दाखवावयाचे नाही. फोनवरून एकदाच, नेहमीच्या आवाजात सांगावयाचे आणि ती सोय उघडावयास सांगावयाची. ‘काय म्हणालास?’ असा प्रश्न आला तर एक गुण कमी. आठवड्याने त्याच व्यक्तीला विचारावयाचे की, त्या सोयीला तुम्ही काय म्हणता? माझ्या विद्यार्थ्याने आपल्या वाड्यातील काही घरांत हे केले. इंग्रजी जोडनाव ऐकलेल्या एका काकू आठवड्याने म्हणाल्या, ‘ते घंटीचं.’ ज्यांना ‘औषधाची वेळ’ सांगितले होते, ते आजोबा म्हणाले, ‘औषधाचं.’ अर्धे नाव टिकले, आणि कामाचे तेच होते.

एक मुद्दा मात्र नावाच्या पलीकडे जातो. पहिल्या घंटेला उत्तर आले नाही, तर अर्ध्या तासाने दुसरी वाजते. तिच्याबरोबर ‘गोळी घ्या’ अशी आज्ञा द्यावी, असा मसुदा होता. परंतु वृद्ध माणूस पुष्कळदा गोळी घेतो आणि बटण दाबावयाचे राहून जाते. आज्ञा ऐकून त्याने पुन्हा घेतली, आणि ती ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरविणारी असली, तर दुहेरी मात्रेने साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर आणि प्रसंगी बेशुद्धी येते. म्हणून दुसऱ्या वेळी आज्ञा नको, प्रश्न हवा: ‘सकाळची गोळी घेतली का?’ मराठीत येथे क्रियापद गोळीच्या लिंगाने चालते, म्हणून हा प्रश्न आजीला आणि आजोबांना सारखाच विचारता येतो. आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या घरांत दोहोंपैकी एक निवडण्याची वेळही येत नाही. खाली दोन बटणे ठेवली आहेत, ‘घेतली’ आणि ‘अजून नाही’. तिसरे ‘आठवत नाही’ असे असावे, असा माझा आग्रह आहे. ते दाबल्यावर पडद्यावर ‘पुन्हा घेऊ नका, आधी डबीतल्या गोळ्या मोजा’ असे यावे आणि मुलाला फोन लागावा. वरिष्ठांच्या मते त्यामुळे पडदा गजबजेल. त्यावर निर्णय व्हावयाचा आहे.