वायफाय चालू, तरी डेटा संपतो कसा?

आईच्या फोनवर रोज दीड जीबीचा प्लॅन आहे. घरात वायफाय असल्यामुळे तो पुरून उरायला हवा. तरी संध्याकाळी सातच्या सुमारास मेसेज यायचाच, आजचा डेटा संपला. फोनच्या वरच्या पट्टीत वायफायची खूण दिसायची, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

ती खूण एवढंच सांगते की फोन राउटरला जोडलेला आहे. राउटरपर्यंत इंटरनेट येतंय का, हा प्रश्न वेगळा. येत नसेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्या खुणेशेजारी उद्गारचिन्ह उमटतं, आणि मोबाइल डेटा चालू असेल तर फोन गुपचूप त्यावर जातो. शेजारच्या उभ्या रेघा मात्र सिमची रेंज दाखवतात. त्या वायफायवर असतानाही दिसतात, म्हणून त्यांवरून डेटा जातोय असं समजू नये.

आईच्या फोनवर उद्गारचिन्ह नव्हतं. मग आम्ही मोजून पाहिलं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात मोबाइल डेटा किती वापरला याचा आकडा असतो. कधी तो दिवसाचा नसून महिन्याचा असतो, पण आपल्याला फक्त फरक हवा. हॉलमध्ये राउटरजवळ दहा मिनिटं व्हिडिओ लावला. आकडा जवळजवळ हललाच नाही. मग मागच्या खोलीत, जिथे आई दुपारी पडून मालिका बघते, तिथे तेवढाच वेळ लावला. नव्वद एमबी वाढले. मधे दोन भिंती, वायफाय मंद, आणि फोनमधली आपोआप मोबाइल डेटावर जाण्याची सोय चालू. चोर सापडला.

ही सोय अनेक अँड्रॉइड फोनवर वायफायच्या सेटिंग्जमध्ये असते, नाव कंपनीगणिक वेगळं. आयफोनवर तिचं नाव Wi-Fi Assist. २०१५ मध्ये आलेली ही सोय मुळातच चालू असते. मोबाइल डेटाच्या पानावर अगदी खाली गेलं की ती सापडते, आणि तिने किती डेटा वापरला तो आकडाही तिथेच असतो. ती बंद केली की वायफाय मंद असताना व्हिडिओ अडकतो. आमच्याकडेही अडकला, म्हणून राउटर हॉलमधून पॅसेजमध्ये हलवला.

एक गफलत अजून होते. दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला की आपल्या फोनवर वायफायचीच खूण येते, पण डेटा त्याचा जातो.

शंका आली तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मोबाइल डेटाचं बटण बंद करणं. व्हिडिओ चालू राहिला तर वायफाय, थांबला तर मघापासून सिमचा डेटा जात होता. बटण बंद असताना फोन आणि साधे मेसेज येतच राहतात; बाहेर पडताना ते पुन्हा चालू करायचं तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲप घरी परतेपर्यंत गप्प राहील.