जिना मोकळा, दार बंद

सकाळी 6.30. तपासणी 10 वाजता आहे, पण मी लिफ्टने टेरेसवर जाऊन सोळा मजले पायी उतरायला सुरुवात केली. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. नोटीस सोमवारीच प्रत्येक मजल्यावर लावली होती: "शुक्रवारी सकाळी 10 वाजता अग्निशमन विभागाचे अधिकारी तपासणीस येत आहेत. गुरुवारी रात्री 9 पर्यंत जिना, लँडिंग आणि आठव्या व तेराव्या मजल्यावरील रिफ्यूज एरिया पूर्ण रिकामा करावा. चपलांचे रॅक, सायकली, कुंड्या, जुन्या गाद्या, रद्दी, रंगाचे डबे घरात न्यावेत किंवा तळमजल्यावर सुरक्षारक्षकाकडे नाव लिहून ठेवावेत. रिफ्यूज एरियाला कुलूप लावू नये. जिन्याच्या दारांना विटा, पायपुसणी लावू नयेत. अधिकाऱ्यांनी विचारल्यास घराचे दार उघडून सहकार्य करावे." वस्तूंची नावं मुद्दाम लिहिली. नुसतं 'अडगळ हटवावी' म्हटलं, की आपली सायकल अडगळ आहे असं कुणालाच वाटत नाही.

बहुतेक मजले स्वच्छ होते. बाराव्यावर रॅक तसाच, नवव्याच्या वळणावर लहान मुलाची सायकल आणि पाण्याचा रिकामा जार.

7.15. बाराव्या मजल्यावरचे काका दारात आले. "एवढासा तर रॅक आहे, बाई. माणूस सहज जातो की." मी टेप आणला होता. आमचा जिना दीड मीटर रुंद आहे. रॅक 35 सेंटिमीटर खोल, त्याचं झाकण उघडं राहिलं तर आणखी पंचवीसेक. उरले 90. आता वरून काकू नातवाला कडेवर घेऊन उतरतायत आणि खालून जवान पाठीवर हवेचं सिलिंडर, खांद्यावर होज घेऊन चढतोय. त्या जवानालाच साठ-सत्तर सेंटिमीटर लागतात. दीड मीटरमध्ये दोघं एकमेकांना ओलांडतात, नव्वदमध्ये एकाला थांबावं लागतं. शिवाय आग लागली की लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे सोळा मजल्यांची माणसं त्याच जिन्यावर येणार. काकांनी काही न बोलता रॅकचं एक टोक उचललं.

8.00. आठव्या मजल्याचा रिफ्यूज एरिया. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. 24 मीटरच्या वरच्या पहिल्या मजल्यावर आणि पुढे ठरावीक उंचीवर ही जागा ठेवतात. आमच्याकडे ती आठव्या आणि तेराव्यावर आहे. ती एका बाजूने बाहेरच्या हवेला उघडी असते आणि तिथे अग्निरोधक दारातून जावं लागतं. ज्यांना जिना उतरवणार नाही, गुडघ्याचे, दम्याचे, व्हीलचेअरवरचे, त्यांनी तिथे थांबायचं. रस्त्याच्या बाजूला असली तर शिडीची गाडीही तिथवर पोचते. आमच्याकडे मात्र दिवाळीचे कंदील, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे, दोन गाद्या आणि कुणाचा तरी जुना सोफा. थर्माकोल आणि फोम पेटले की काळा विषारी धूर देतात, म्हणजे सुरक्षित म्हणून राखलेली जागाच धोक्याची होते. उघडी बाजूही पावसासाठी कुणीतरी प्लास्टिकच्या पत्र्याने झाकली होती. वाऱ्यासाठी ठेवलेली जागा बंद केली की धूर आत कोंडतो. पत्रा काढायला सुपरवायझरला एक तास लागला. सोफ्याचा मालक अखेरपर्यंत सापडला नाही, मग सफाई कामगारांनी तो खाली नेला.

10.10. अधिकारी आले, दोघं. आधी कागद: परवानाधारक एजन्सीचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक-भोगवटादारांची असते आणि हे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. आमचं जुलैचं होतं. साहेबांनी तारीख पाहिली आणि म्हणाले, "कागद ठीक आहे. आता पंप बघू."

10.40. टेरेसच्या हायड्रंटला होज जोडला, दुसऱ्या टोकाला नोझल, सोबत प्रेशर गेज. इथे साधारण साडेतीन किलो दाब यायला हवा. हिशोब सोपा आहे: दर दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो दाब खर्च होतो. आमचं टेरेस पन्नास मीटरवर, म्हणजे नुसतं पाणी वर चढवण्यातच पाच किलो जातात. पंपाने खाली साडेआठच्या वर दिले तरच वर साडेतीन उरतात. झडप उघडली. पाणी जोरात आलं, मग धार ओसरत ओसरत होजच्या तोंडाशीच पडू लागली. गेजचा काटा एकच्याही खाली. पाइपमध्ये साठलेलं पाणी तेवढं निघालं आणि खालचा मोठा पंप सुरूच झाला नाही.

सुपरवायझर पंपरूमकडे धावला. पॅनलवरचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर होता. मागे एकदा दाब कमी होऊन पंप रात्री आपोआप सुरू झाला, आवाजाने लोक वैतागले आणि कुणीतरी स्विच फिरवला. साहेब रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "रात्री आग लागली असती तर पंपरूमची चावी कोणाकडे होती?" स्विच ऑटोवर केला, पुन्हा झडप उघडली. काटा पावणेचारवर गेला आणि धार समोरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. पण पंप त्या रात्री का सुरू झाला, हे शोधायलाच हवं. पाइपमध्ये कुठेतरी गळती असणार. स्विच फिरवल्याने गळती बंद होत नाही.

11.30. साहेबांनी प्रत्येक मजल्यावरचं जिन्याचं दार उघडून सोडलं आणि पाहिलं. दार आपोआप पूर्ण मिटलं पाहिजे. अकराव्यावरचं वीतभर उघडं राहिलं, क्लोजरमधलं तेल गळालं होतं. चौथ्यावर सहकार्याची खरी परीक्षा झाली: वहिनी म्हणाल्या, दार बंद ठेवलं तर जिन्यात अंधार आणि भीती वाटते. साहेबांनी शांतपणे समजावलं. एखाद्या मजल्यावर आग लागली आणि दार उघडं असलं, की जिना म्हणजे उभं धुराडं. धूर गरम असतो, वर चढतो, आणि वरच्या सगळ्यांची वाट बंद होते. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्यावर कपड्यांच्या गाठी आणि गाड्या पेटल्या, आणि धूर वर घराघरात पोचला. वहिनींचं ऐकून मी त्याच वेळी ठरवलं, चौथ्या मजल्याच्या जिन्यात सेन्सरचा दिवा लावायचा. अंधाराची तक्रार खरी आहे, तिचं उत्तर विटेने दार उघडं ठेवणं हे नाही.

होज बॉक्सही उघडले. सहाव्या मजल्यावरचं पितळेचं नोझल गायब. पितळेला भाव आहे, ही चोरी पुष्कळ इमारतींत होते.

1.15. शेरे लिहून दिले: अकराव्याचा क्लोजर, सहाव्याचं नोझल, पाइपमधली गळती, आणि रिफ्यूज एरियाच्या दारावर अंधारात दिसणारी पाटी. दुरुस्तीला मुदत मिळाली.

5.30. एजन्सीच्या माणसाला फोन. क्लोजर आणि नोझल उद्या सकाळी 11 ला येतील, गळती शोधायला रविवारी दुपारी दोन तास पाइपमधलं पाणी उतरवावं लागेल. तेवढ्या वेळात हायड्रंट चालणार नाहीत, म्हणून एक सुरक्षारक्षक मजले फिरत राहील, अग्निशामक सिलिंडर जागच्या जागी असतील, आणि रविवारी कुणीही वेल्डिंग-कटिंगचं काम काढायचं नाही.

8.00. नवी नोटीस टाइप केली. तळमजल्यावर ठेवलेल्या वस्तू रविवारी रात्रीपर्यंत न्याव्यात, जिन्यात परत आणू नयेत. पंपाचा स्विच फक्त सुपरवायझरने हाताळावा आणि रोज सकाळी 'ऑटो' आहे का ते पाहून वहीत सही करावी. बाराव्याच्या काकांचा फोन आला: रॅक लिफ्टजवळ ठेवला तर चालेल का? नाही म्हटलं, तोही बाहेर पडायचाच मार्ग आहे.