रोश हशानाच्या जेवणाला येताना

रोश हशाना म्हणजे आम्हा ज्यूंचं नववर्ष. ते सूर्यास्ताला सुरू होतं, म्हणून तुला संध्याकाळीच बोलावलंय. आल्यावर ‘शाना तोवा’ म्हण. ‘चांगलं वर्ष जावो’ एवढाच त्याचा अर्थ. उत्तरही तेच मिळेल.

मेणबत्त्या लागल्या, द्राक्षरसावर प्रार्थना झाली की गोल पाव मधात बुडवून वाटतात. एरवी तो मिठाला लावतात. मग सफरचंदाची फोड मधासोबत खायची, वर्ष गोड जावं म्हणून. डाळिंब, खजूर, भोपळा, काही घरांत माशाचं डोकंही असतं. प्रत्येक घासाला वेगळी प्रार्थना. खजुराचं हिब्रू नाव ‘संपणे’ या शब्दाशी जुळतं, म्हणून तो खाताना वैर संपो असं मागतात.

आम्हा कोकणातल्या बेने इस्रायलींचा खरा मान हलव्याला. गहू भिजवून, वाटून चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध आणि साखर घालून घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं. हात भरून येतात, पण थांबलं की तळाला लागतो. थाळ्यात थापून वड्या पाडतात. जेवणात मटण असतं आणि मांसासोबत दुधाचे पदार्थ आम्हाला वर्ज्य, म्हणून नारळाचं दूध. तेव्हा येताना पेढे आणू नकोस, फळं आण.