जिन्याचं काँक्रीट: पट्टी धरायची कशी?

मजल्याची उंची 3 मीटर असलेल्या घरातला साधा, मध्ये लँडिंग असलेला जिना घेऊ. निम्म्या उंचीपर्यंत 150 मिलिमीटरचे 10 चढ येतात, पण पायऱ्या 9च मोजायच्या, कारण दहाव्या चढानंतर पाय थेट लँडिंगवर पडतो. ट्रेड म्हणजे पाय ठेवायची जागा 250 मिलिमीटर, जिन्याची रुंदी 1 मीटर. पायऱ्यांना खालून पेलणाऱ्या तिरप्या स्लॅबची, म्हणजे वेस्ट स्लॅबची, जाडी 150 मिलिमीटर.

बाजूने पाहिलं तर पायरी त्रिकोणी असते. ती चौकोनी ठोकळा धरून मोजली, तर माल दुप्पट येतो. एका पायरीचा 0.25 × 0.15 × 1 ÷ 2 आणि 9 पायऱ्यांचा मिळून 0.169 घनमीटर.

खरी चूक होते ती वेस्ट स्लॅबमध्ये. तिची लांबी जमिनीवर नाही, उतारावर मोजायची. 250 आणि 150 यांच्या वर्गांची बेरीज 85,000, तिचं वर्गमूळ 291.5. एका पायरीमागे एवढी तिरपी लांबी, म्हणजे नऊंची 2.62 मीटर. तिला रुंदी आणि जाडीने गुणलं की 0.394 घनमीटर. पायऱ्यांसह एकूण 0.563. लँडिंगचा हिशेब वेगळा करायचा.

आडवी लांबी, म्हणजे 2.25 मीटर धरली, तर स्लॅबचं उत्तर 0.338 येतं. फरक 0.056 घनमीटरचा, म्हणजे एम-20 काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जेमतेम अर्ध्या गोणीचा. एवढ्यासाठी कोण भांडणार? पण साइटवर हा हिशेब बरोबर जुळला की मला धास्ती वाटते. सेंटरिंगवर गवंड्याने पट्टी ओळंब्यात उभी धरून 150 मोजले, तर माल नेमका तेवढाच लागतो. आणि स्लॅबची खरी, उताराला काटकोनातली जाडी भरते फक्त 129 मिलिमीटर.

हे 21 मिलिमीटर क्षुल्लक नाहीत. सळीखालचं कव्हर तेवढंच ठेवावं लागतं, त्यामुळे सगळी घट सळीच्या वरच्या काँक्रीटमध्ये होते, आणि वाकण्याविरुद्धची ताकद तिथूनच मिळते. वरून पायऱ्या अगदी नीट दिसतात, खालून प्लास्टर झालं की काहीच कळत नाही.

म्हणून ओतकामाच्या आधी, सळई बांधलेली असतानाच तपासा. बाजूच्या फळीवर पायऱ्यांची आखणी असते. दोन पायऱ्यांमधल्या आतल्या कोपऱ्यांना जोडणारी दोरी ताणा. खालच्या प्लायवर गुण्या टेकवा आणि दोरीपर्यंतचं अंतर वाचा. ते 150 भरलं नाही, तर ओतकाम थांबवायला सांगा.